कोबाल्टच्या पुढे बसलेलं हलकं निकेल

निकेलशी माझा रोजचा संबंध आहे, पण त्याची कुंडली मी कधी पाहिली नव्हती. चाकण-तळेगाव रस्त्याला माझं स्टेनलेस स्टीलच्या भंगाराचं गोडाऊन आहे. कंपन्यांतून निघालेले पाइप, कापलेले पत्रे, मोडक्या टाक्या, कॅन्टीनची भांडी असला माल मी घेतो, निवडतो आणि वितळवणाऱ्या फाउंड्रीला विकतो. या मालाचा भाव त्यात निकेल किती आहे यावर ठरतो. ते मोजायला पिस्तुलासारखं एक यंत्र असतं, त्याला आम्ही गन म्हणतो. तुकड्यावर धरून चाप दाबला की पडद्यावर धातूंची चिन्हं आणि त्यांच्यापुढे टक्के येतात. Cr अठरा, Ni आठ असं दिसलं की आम्हाला कळतं, माल चांगला. शाळेत न शिकलेली ही एवढी अक्षरं मला धंद्यानं शिकवली.

म्हणून मुलीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि मला Ni दिसलं, त्याच्या वरच्या कोपऱ्यात २८ दिसलं, तेव्हा मी खुर्चीत सरळ झालो.

"अठ्ठावीस? कुणाकडचा माल हा?"

"पप्पा, हा शाळेतला चार्ट आहे."

"शाळेत कुठून आला एवढा निकेल?"

आमचे चाचा जमिनीवर बसून चुंबकानं माल निवडत होते. लोखंडी पट्टीच्या टोकाला चुंबक बांधलेलं असतं. जो तुकडा चिकटला तो एका ढिगात, नाही चिकटला तो दुसऱ्या. माझ्याकडे ते सुरुवातीपासून आहेत आणि माझी चेष्टा करायचा हक्क त्यांच्याएवढा दुसऱ्या कुणाला नाही.

"शेठ," ते मान वर न करता म्हणाले, "बेबीच्या शाळेचं टेंडर भरा."

मुलगी नववीत आहे. शाळेतून परस्पर गोडाऊनवर आली म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मला कळायला हवं होतं. तिनं दप्तर वजनकाट्यावर टाकलं आणि सगळं सांगितलं. विज्ञानाच्या सरांनी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जे मूलद्रव्य आलं, त्यानं प्रयोगशाळेबाहेरच्या मोठ्या आवर्तसारणीतल्या त्याच्या चौकटीचा फोटो काढायचा आणि शनिवारी वर्गासमोर चौकटीतली प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची. अणुअंक, अणुवस्तुमान, इलेक्ट्रॉन संरूपण, गण. जे दोघं उत्तम सांगतील ते तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार. हिला तिथं जायचंच होतं. गेल्या वर्षी हिच्या मॉडेलच्या मोटरची वायर ऐन वेळी सुटली आणि हिचं नाव गेलं, ते ती अजून विसरलेली नाही. राग धरून ठेवायची सवय तिनं कुणाकडून घेतली हे मी इथं लिहीत नाही.

"मग सांगायचं की. त्यात काय?"

"चार्टच चुकीचा छापलाय. मी सरांना सगळ्यांसमोर सांगितलं."

तिनं फोटो बोटांनी मोठा केला. ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा एका कोपऱ्यावरून गेला होता, तरी चौकट वाचता येत होती. वर २८. मध्ये Ni. खाली ५८.६९३. त्याखाली बारीक अक्षरात [Ar] 3d⁸ 4s². स्तंभाचा आकडा १०. आणि फोटोच्या डाव्या कडेला शेजारच्या चौकटीचा तुकडा आला होता. तिथं कोबाल्ट, अणुअंक २७, आणि त्याचं वस्तुमान ५८.९३३.

"सत्तावीस नंबरवाला जड आणि अठ्ठावीस नंबरवाला हलका," ती म्हणाली. "प्रत्येक घरात वजन वाढत जातं, इथंच कमी कसं होईल? छापताना नऊ आणि सहा उलटे झालेत. सर म्हणाले, मग शनिवारी सिद्ध कर. नाही करता आलं तर चार्ट बरोबर का आहे ते सांग. दोन्ही नाही जमलं तर बाकीच्यांचं ऐकायला बस."

मला तिचं म्हणणं तत्काळ पटलं. वजनाच्या आकड्यात कुणीतरी घोळ घातलाय हे मला नेहमीच पटतं. मी म्हणालो, "चार्टच्या खाली छापणाऱ्याचा नंबर असेल. लाव फोन. चुकीचा माल दिलाय, बदलून दे म्हणावं."

"पप्पा, आपण भाव करायला नाही चाललोय."

"नंबर तर दे."

तिनं नंबर दिला नाही. त्याऐवजी तिनं मोबाइलवरच कोबाल्ट आणि निकेल शोधलं. दुसरी साइट उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच आकडे. ५८.९३३ आणि ५८.६९३.

"सगळ्यांनी एकमेकांची कॉपी मारली असेल," मी म्हणालो.

"पूर्ण जगानं?"

चाचा हसले. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं आणि ती ते दाखवायचं नाही म्हणून दप्तराचा पट्टा ओढत बसली होती. चाळीस पोरांसमोर चार्टला चुकीचं म्हणून झालं होतं. आता चार्ट बरोबर निघाला होता, आणि तो का बरोबर आहे ते तिला माहीत नव्हतं.

आम्ही सोप्याकडून सुरुवात केली. अणुअंक तिला येत होता: अणुकेंद्रात किती प्रोटॉन आहेत तो आकडा. एक प्रोटॉन कमी असेल तर ते निकेल राहतच नाही, कोबाल्ट होतं. एक जास्त असेल तर तांबं. मला हे फार आवडलं. आमच्या धंद्यात आठ टक्क्यांच्या जागी पावणेआठ निघाले तर दिवसभर घासाघीस चालते. इथं घासाघीसच नाही. अठ्ठावीस म्हणजे निकेल, विषय संपला.

इलेक्ट्रॉनवर गाडी अडली. अणू तटस्थ, म्हणजे इलेक्ट्रॉनही अठ्ठावीसच. पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ, इथपर्यंत ती बरोबर गेली, मग पुस्तकातल्या वीस मूलद्रव्यांच्या सवयीनं आठ-आठ टाकत गेली आणि कागदावर २, ८, ८, ८, २ असं लिहून बसली. बेरीज अठ्ठावीस येत होती, म्हणून मी म्हणालो, जमलं. ती म्हणाली, कवचं पाच झाली, आणि निकेल तर चौथ्या आडव्या ओळीत आहे. चारच हवीत. बेरीज बरोबर येऊनही हिशेब चुकीचा असू शकतो हे मला माझ्या पोरीनं सांगावं, याची मला गंमत वाटली.

मग मी माझ्याकडून एक भर घातली. म्हणालो, "हे लिही, सरांना माहीत नसेल. निकेल चुंबकाला चिकटत नाही. विचार चाचांना."

"चिपका तो निकेल नहीं," चाचा म्हणाले. "आमचा कायदाच हाय तो."

तिनं ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

वस्तुमानाचं कोडं मात्र तिथंच राहिलं. विचारायला माझ्या ओळखीत रसायनशास्त्र शिकलेलं एकच माणूस होतं आणि त्या माणसाच्या दारात पाय ठेवायचा नाही असं मी ठरवलेलं होतं. भोसरीला एमआयडीसीत धातू तपासायची एक छोटी लॅब आहे. ती चालवणाऱ्या मॅडम एमएस्सी आहेत. त्यांच्या एका रिपोर्टवर माझा भरलेला ट्रक फाउंड्रीच्या गेटवरून परत आला होता. मी स्वतः गन लावून आठ टक्के पाहिले होते. त्यांनी सहाच्या आसपास लिहिले. गेटवर बाकीचे गाडीवाले बघत होते. तिथूनच मॅडमना फोन लावून मी काय काय बोललो ते त्या गेटवरच्या वॉचमनला अजून आठवतं. तेव्हापासून मी माझे नमुने पिंपरीला, लांबच्या लॅबमध्ये पाठवत होतो.

"पप्पा, त्या भोसरीच्या मॅडम केमिस्ट्रीवाल्या आहेत ना?"

"आहेत. त्यांना निकेल कमी दिसतं."

"इथं पण कमीच दिसतंय," ती फोटोकडे बोट दाखवून म्हणाली.

मी गाडीची किल्ली घेतली.

मॅडमनी मला दारात पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "या. जुनंच भांडण की नवीन?"

"मी बाहेर थांबतो. पोरीला एक विचारायचंय."

"आत या हो. खुर्ची आहे."

त्यांनी फोटो पाहिला, शेजारच्या चौकटीचा कापला गेलेला तुकडा पाहिला, आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे तुझं तुला दिसलं? कुणी दाखवलं नाही?"

"दिसलं. पण मी चार्ट चूक आहे म्हणाले."

"चूक म्हणालीस हे ठीक. दिसलं हे महत्त्वाचं. क्लोरीनचं वस्तुमान किती?"

"पस्तीस पॉइंट पाच." हे तिला पाठ होतं.

"तो अर्धा कुठून आला? अर्धा न्यूट्रॉन बघितलास कधी?"

मुलगी सावकाश म्हणाली, "क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे असतात. पस्तीसवाले आणि सदतीसवाले. समस्थानिकं. त्यांची सरासरी."

"मग निकेलला काय वेगळा न्याय? प्रोटॉन प्रत्येकात अठ्ठावीसच. न्यूट्रॉन मात्र कमी-जास्त. शंभर अणू घेतलेस तर साधारण अडुसष्ट असतात अठ्ठावन्नवाले, सव्वीस साठवाले. बाकीचे थोडे एकसष्ट, बासष्ट आणि चौसष्ट."

त्यांनी कागद पुढे सरकवला. एकसष्टवाला एक, बासष्टवाले चार, चौसष्टवाला एक धरून मुलीनं गुणाकार मांडले, बेरीज केली, शंभरानं भागलं. ५८.७७ आलं.

"चार्टला ५८.६९३ आहे," ती म्हणाली.

"कारण तू पूर्ण आकडे धरलेस. अणूचं खरं वस्तुमान त्या पूर्ण आकड्यापेक्षा किंचित कमी भरतं. केंद्रात कण एकत्र बांधले जाताना थोडं वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. ते पुढं शिकशील. आता कोबाल्ट. निसर्गात कोबाल्टचा एकच प्रकार सापडतो. एकोणसाठवाला. दुसरा नाहीच."

मुलीचा हात थांबला. तिचा चेहरा मी बघत होतो. गोडाऊनवर एखादा मळका तुकडा घासल्यावर आतून चकाकी निघते तेव्हा माझा चेहरा असा होत असणार.

"म्हणजे कोबाल्टचे सगळे एकोणसाठ," ती म्हणाली, "आणि निकेलमध्ये साठवाले असूनही अठ्ठावन्नवालेच इतके जास्त, की सरासरी एकोणसाठच्या खाली येते."

"आणि मग चार्टमध्ये कोण आधी?"

"कोबाल्टच. कारण रांग वजनाची नाही, प्रोटॉनची आहे."

"पूर्वी वजनावरच लावायचे. अशाच एक-दोन ठिकाणी घोटाळा होऊन लोक डोकं खाजवत बसले होते, तुझ्यासारखे. मग कळलं की खरा क्रम अणुअंकाचा. शनिवारी हे सांग."

मग त्यांनी संरूपण हातात घेतलं. चौकटीतला Ar म्हणजे आरगॉन, अठरा इलेक्ट्रॉनवाला. तेवढा भाग आरगॉनसारखाच आहे, म्हणून पुन्हा न लिहिता कंसात टाकायचा. उरले दहा. त्यातले दोन चौथ्या कवचात, 4s मध्ये. आठ मात्र मागे तिसऱ्या कवचात, 3d नावाच्या जागेत. आरगॉनच्या तिसऱ्या कवचात आधीच आठ होते, त्यात हे आठ मिळून सोळा.

"दोन, आठ, सोळा, दोन," मुलगी म्हणाली. "पण आठाच्या वर जात नाही ना कवच?"

"सगळ्यात बाहेरचं जात नाही. तिसरं आता बाहेरचं राहिलंय का? आत गेलं. त्याची कमाल किती?"

"दोन एन वर्ग. अठरा. मग सोळा चालतात." तिनं स्वतःची पाच कवचांची ओळ खोडली. "आणि ते आठ अधिक दोन, दहा, म्हणून दहावा गण?"

"निकेलच्या रांगेत तसंच जमतं. गण म्हणजे उभा स्तंभ, डावीकडून दहावा. सारणीत सगळीकडे अशी सरळ बेरीज करू नकोस, उजव्या टोकाला वेगळं चालतं. निकेलच्या खाली त्याच स्तंभात कोण आहे?"

तिनं मोबाइलमधला पूर्ण चार्टचा दुसरा फोटो पाहिला. "पॅलेडियम. प्लॅटिनम."

प्लॅटिनम म्हटल्यावर मी न राहवून विचारलं, "म्हणजे आमचा माल प्लॅटिनमच्या खानदानातला?"

"खानदानातला आहे. भाव मात्र खानदानावर ठरत नाही," मॅडम म्हणाल्या.

मुलीनं आपला कागद त्यांना वाचायला दिला. त्या वाचत खाली आल्या आणि रेघ मारलेल्या ओळीवर थांबल्या. "हे कुणी सांगितलं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्यातच सगळं आलं.

मॅडमनी खणातून नखाएवढ्या जाडीचा करडा तुकडा काढला. प्लेटिंगवाल्यांनी तपासायला दिलेल्या निकेलच्या पत्र्याचा उरलेला. कपाटाच्या दारावरचं चुंबक काढून त्यांनी तुकड्याजवळ नेलं. तो टक्कन जाऊन चिकटला.

आयुष्यभर मी नेमकं याच्या उलट सांगत आलोय. माझ्या गोडाऊनचे दोन ढीग त्याच नियमावर उभे आहेत.

"पण माझ्याकडचा चांगला माल चिकटत नाही," मी म्हणालो. "हे तर खोटं नाही ना?"

"ते खरंच आहे. लोखंड चिकटतं, निकेल चिकटतं. पण ती दोन्ही क्रोमियमबरोबर ठरावीक प्रमाणात मिसळली की आतली अणूंची मांडणी बदलते, आणि ती मांडणी चुंबकाला दाद देत नाही. तुमचा नियम स्टेनलेसला ठीक आहे. निकेलला नाही."

"शुद्ध निकेल माझ्याकडे येतंच कुठं," मी म्हणालो. माझ्यापुरता तो मुद्दा तिथं मिटला. मुलीनं ती ओळ खोडून वर नवी लिहिली, आणि तो तुकडा परत परत चुंबकाला लावून बघत बसली.

निघायच्या आधी मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्या ट्रकचंही असंच होतं. तुम्ही एक चांगला पाइप मोजलात, आठ आले. मी पाच जागांचे तुकडे घेतले. काही आठचे होते, काही चारचे. लॉटचा आकडा सरासरीचा असतो."

"निकेलच्या अणूंचं पटलं मला," मी म्हणालो. "माझ्या लॉटचं नाही. त्या पाच जागा कुणी निवडल्या?"

"मी."

"तेच म्हणतोय मी."

"पप्पा, चला," मुलगी म्हणाली.

तिला तो तुकडा शनिवारसाठी हवा होता. मॅडम म्हणाल्या, ने, पण परत आणून द्यायचा, आणि पप्पांनी स्वतः यायचं. मी म्हणालो, कामगाराच्या हाती पाठवतो. त्या म्हणाल्या, मग तुकडा नाही. मी लोकांकडून कसला कसला माल सोडवून आणलाय, पण बोटाएवढ्या निकेलसाठी मला ती अट जशीच्या तशी मान्य करावी लागली.

शनिवारी मी शाळेच्या फाटकासमोर गाडी लावून बसलो. पालकांना आत प्रवेश नव्हता. वेळ जाता जात नव्हता, म्हणून मी मोबाइलवर तिचा तो फोटो उघडला. एवढीशी चौकट. इतकी वर्षं मी हा धातू हाताळला, त्याच्यावरून भांडलो, त्याच्या जिवावर घर बांधलं, आणि त्याच्या एका तुकड्यात पाच जातींचे अणू मिसळलेले असतात हे मला ठाऊक नव्हतं. दिसायला, चिकटायला, वितळायला सगळे सारखेच, वजनात तेवढा फरक. निवडता येणार नाहीत असे. चाचांना सांगितलं तर ते म्हणतील, शेठ, ही तर मिक्स लॉटच झाली.

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. गाडीत बसून तिनं पट्टा लावला.

"मी आधीच सांगून टाकलं, मी चार्टला चुकीचं म्हणाले होते, चार्ट बरोबर आहे. सगळे हसले. मग म्हटलं, आता का ते ऐका."

"मग?"

"सरांनी मध्येच विचारलं, साठवाले अणू असताना निकेल हलकं कसं? मी फळ्यावर शंभर अणू मांडले. मागची मुलं म्हणायला लागली, नंबर उलटे लावा मग. मी म्हटलं, रांग प्रोटॉनची आहे, वजनाची नाही. मग चुंबक लावून दाखवलं. ते सगळ्यांना हवं होतं, सर म्हणाले फिरवा वर्गात."

"नाव?"

"दुसरं माझंच घेतलं." मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुकडा परत मिळायला वेळ लागला. शेवटच्या बाकापर्यंत गेला होता."

सोमवारी मी तुकडा घेऊन भोसरीला गेलो. रिकाम्या हातानं कशाला जायचं, म्हणून फाउंड्रीला निघालेल्या ट्रकमधूनच गेलो आणि त्यातल्या नव्या लॉटचा नमुनाही वर नेला. पिशवीत पाच तुकडे होते, पाच वेगवेगळ्या जागांचे, आणि पाचही मी स्वतः निवडलेले. मॅडमनी मुलीची चौकशी केली, निकेल खणात ठेवलं, पिशवी टेबलावर ओतली आणि एकेक तुकडा बोटानं फिरवून पाहिला. सगळे स्वच्छ होते.

"ट्रक कुठाय?" त्यांनी विचारलं.

"खाली. का?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, गन उचलली आणि जिन्याकडे निघाल्या. सहावी जागा त्या स्वतः निवडणार होत्या.